दहा गुंठे कोबीसाठी निंबोळी अर्क: बी वेचण्यापासून चौथ्या दिवसाच्या मोजणीपर्यंत

पहिल्या वर्षी मी निंबोळी अर्क सकाळी नऊ वाजता फवारला. दव वाळलं होतं, वारा पडलेला होता, म्हणून वेळ अगदी बरोबर साधली असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी कोबीची पानं उलटून बघितली तर अळ्या जिथल्या तिथे, जिवंत. शेजारच्या बांधावरून अण्णांनी विचारलं, "काय, मारलास काय औषध? पडल्या काय अळ्या?" मी म्हटलं, "नाही अण्णा, पाणी मारल्यासारखं झालं." तिसऱ्या दिवशी दुकानातून रासायनिक औषध आणून मारलं आणि निंबोळीचं काही खरं नाही असं ठरवून मोकळा झालो.

चूक निंबोळीची नव्हती. बी जुनं होतं, पाणी बोअरचं होतं, वेळ सकाळची होती आणि मोजणी दुसऱ्याच दिवशी केली होती. या चारही गोष्टींचं मूळ एकच आहे. निंबोळी अळीला जागेवर मारत नाही, अळीनं ती खावी लागते. आणि अळीनं खायच्या आधी ऊन तिला मोडून टाकतं. अळी आणि ऊन यांच्यात आधी कोण पोचतं, यावर सगळी फवारणी ठरते. खालची प्रत्येक पायरी याच एका हिशोबातून आली आहे, म्हणून आधी तो हिशोब समजून घेऊ.

बेळगावच्या उत्तरेला, कडोलीच्या बाजूला पावसाळी बटाटा निघाला की ऑक्टोबरात कोबी लावतात. त्या कोबीवर येणारी मुख्य कीड म्हणजे चौकोनी ठिपक्याचा पतंग. पतंग जेमतेम बोटाच्या पेरापेक्षा लहान, करडा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट शंकरपाळ्यांची ओळ दिसते. त्याची अळी बारीक, हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. तिला काडीनं डिवचलं की ती वळवळत मागे सरते आणि धाग्यावर लोंबकळते. हीच तिची खूण. ती पानाच्या खालच्या बाजूनं खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानावर काचेच्या छोट्या खिडक्या बसवल्यासारखं दिसतं. ही कीड जगभरात एकामागून एक रासायनिक औषधं पचवून बसलेली आहे. दुकानदार दर हंगामात नवं नाव सांगतो, त्याचं कारण हेच. म्हणून नवीन माणसानं निंबोळी शिकायची तर या किडीवर शिकावी असं माझं मत आहे.

निंबोळी अळीच्या आत काय करते

निंबोळीच्या बीच्या आतल्या गरात अनेक कडू द्रव्यं असतात. त्यातलं सर्वांत कामाचं अझाडिरॅक्टिन. निंबाशी कीड फटकून वागते हे लोकांना जुनंच ठाऊक होतं. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान यांनी टोळधाडीच्या वेळी निंबोळीच्या गराचं अगदी पातळ पाणी पिकावर मारलं आणि टोळ त्या पिकावर बसूनही खाईनात असं दाखवलं. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी ते द्रव्य बियांमधून वेगळं काढलं. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की प्रयोगशाळेत ते पूर्ण बनवायला २००७ साल उजाडलं, आणि त्यामागे केंब्रिजमधल्या गटाची २२ वर्षं गेली होती. म्हणून आजही हे द्रव्य कारखान्यात बनत नाही, झाडावरूनच घ्यावं लागतं.

त्याचं पहिलं काम अळीच्या तोंडाशी होतं. अळीच्या तोंडाजवळ चव ओळखणारे बारीक केस असतात. अझाडिरॅक्टिन त्यातल्या 'हे खाऊ नको' सांगणाऱ्या पेशी चेतवतं आणि 'हे गोड आहे' सांगणाऱ्या पेशींना मंद करतं. अळी चावा घेते, थांबते, दुसरीकडे सरकते, पुन्हा थांबते. ती उपाशी राहू लागते, पण मरत नाही.

दुसरं काम जास्त खोल आहे. अळीची कातडी तिच्याबरोबर वाढत नाही. म्हणून ती ठरावीक दिवसांनी कात टाकते. ही कोबीवरची अळी कोषात जाण्याआधी चार अवस्थांतून जाते. कात कधी टाकायची हा निरोप मेंदूतून निघतो. त्या निरोपावर छातीतली ग्रंथी एक संप्रेरक सोडते आणि मग जुनी कातडी सुटते. अझाडिरॅक्टिन हा निरोपच अडवतं. अळीच्या आत वाढ होत असते, पण कातडी सुटत नाही, किंवा अर्धवट सुटून अंगाला चिकटून राहते. अळी तशीच आखडून मरते. वाचलीच तर तिचा पतंग बहुतेक दुबळा, कमी अंडी घालणारा निघतो.

यातून तीन गोष्टी सरळ निघतात. पहिली, जी अवस्था खात नाही तिला निंबोळी फारसं काही करत नाही. अंडी, कोष आणि उडणारे पतंग यांच्यावर तिचा भरवसा ठेवू नका. दुसरी, जितक्या काती पुढे बाकी, तितकी अळी निंबोळीच्या हातात जास्त. लहान अळीला तीन काती टाकायच्या असतात, शेवटच्या अवस्थेतली अळी मात्र दोन दिवसांत कोषात जाऊन बसते. तिसरी, परिणाम दिसायचा तो पुढची कात आल्यावरच दिसणार, म्हणजे तीन ते पाच दिवसांनी. मी दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधत होतो, तेव्हा मला त्या मिळणारच नव्हत्या.

इथे निपाणीच्या शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तंबाखूचा काढा हेही वनस्पतीचंच औषध, आणि आपल्या भागात तंबाखूची पूड सहज मिळते. पण त्याचं काम पूर्ण वेगळं आहे. निकोटीन थेट मज्जातंतूंवर जातं, अळीनं खाल्लं नाही तरी कातडीतून आत शिरतं, म्हणून अळी तासाभरात पडते. ज्या कारणानं ती पडते, त्याच कारणानं फवारणाऱ्याच्या ओल्या हातातून आणि पाठीतून ते त्याच्याही अंगात जातं. ओला तंबाखू खुडल्यावर मळमळ, चक्कर येते ती हीच. झाडापासून काढलं म्हणून ते सौम्य होत नाही. नवीन माणसानं तंबाखूचा काढा करू नये.

ऊन त्याचं काय करतं

गडद रंगाचं लुगडं अंगणात रोज वाळत घातलं तर महिन्याभरात विटतं. कापड फाटत नाही, रंगाचे कण मोडतात. पानावरच्या अझाडिरॅक्टिनचं तसंच होतं, फक्त फार लवकर. त्याचा रेणू मोठा आहे आणि त्यात काही जागा कमकुवत आहेत. एका कड्यात ऑक्सिजनला लागून दुहेरी बंध आहे, आणि बाजूला एका लहान आम्लाची शेपटी जोडलेली आहे, तिच्यातही दुहेरी बंध आहे. उन्हातले अतिनील किरण पडले की हे बंध वळतात, तुटतात, त्यांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो. रेणूचा आकार बदलला की अळीच्या शरीराला तो लागू पडत नाही. कुलूप तेच, पण किल्लीचे दात झिजलेले. पानावर कडू वास राहतो, हिरवट डाग दिसतात, पण काम करणारं द्रव्य गेलेलं असतं. वासावरून औषध आहे असं समजू नका.

किती लवकर? उघड्या पानावर निम्मं द्रव्य साधारण एक ते अडीच दिवसांत जातं. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात मी एकच दिवस धरतो. म्हणजे पहिल्या संध्याकाळी १०० भाग असतील तर दुसऱ्या संध्याकाळी ५०, तिसऱ्या संध्याकाळी २५, चौथ्या संध्याकाळी १२. पाचव्या दिवशी उरतं ते नावापुरतं.

निंबाच्या झाडाला याची काळजी करायचं कारण नाही. त्याचं हे द्रव्य गरात असतं, गरावर टणक कवच, कवचावर फळाचा मऊ मगज, मगजावर साल. उन्हात टिकेल असं काही बनवायची झाडाला गरजच पडली नाही. आपण ते कवचातून काढून पातळ थरात पानावर पसरतो, म्हणजे त्याला सर्वांत नाजूक जागी नेऊन ठेवतो.

शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून निघणाऱ्या पायरेथ्रिनचंही असंच आहे, ते तर उन्हात काही तासांत जातं. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे मायकल एलियट यांच्या गटानं त्या रेणूतले उन्हात मोडणारे भाग बदलून परमेथ्रिन बनवलं. ते शेतात बरेच दिवस टिकतं. पण जे टिकतं ते मधमाशीसाठी, मित्रकिडींसाठी आणि काढणीच्या भाजीवरही टिकतं. निंबोळी लवकर मोडते म्हणून आपल्याला पुन्हा पुन्हा फवारावं लागतं, आणि लवकर मोडते म्हणूनच ती भाजीवर साचत नाही. दोन्ही एकाच गुणाचे परिणाम आहेत.

उन्हाखेरीज आणखी दोन गोष्टी हा रेणू मोडतात: उष्णता आणि खारं पाणी. सामू ४ ते ६ असलेल्या पाण्यात तो चांगला राहतो. सामू ८ च्या वर गेला की भराभर मोडायला लागतो, अंधारात ठेवला तरीही. हे पुढे पाण्याच्या पायरीत लागेल.

बी कुठून आणायचं आणि कसं ठेवायचं

निंबोळ्या जून-जुलैमध्ये पिकतात. नेमक्या त्याच महिन्यांत खानापूर आणि बेळगावच्या पट्ट्यात झड लागलेली असते. खाली पडलेली निंबोळी चिखलात दोन दिवसांत काळी पडते. म्हणून मी बी अथणीच्या आत्याकडून मागवतो. अथणी, रायबागकडे पाऊस कमी, निंब भरपूर, आणि वेचलेलं बी नीट वाळतं. तुमचे नातेवाईक त्या बाजूला असतील तर त्यांना मे महिन्यातच सांगून ठेवा. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांना 'बेवु' म्हटलं की कळतं. उगादीला ते बेवु-बेल्ला खातात, आपण पाडव्याला निंबाची पानं आणि गूळ खातो, झाड एकच.

पिवळ्या, पिकलेल्या निंबोळ्या रोज वेचायच्या. झाडाखाली जुनं लुगडं किंवा ताडपत्री अंथरली तर माती लागत नाही. त्याच दिवशी पाण्यात चोळून मगज काढायचा. मगज राहिला की बुरशी धरते. धुतलेलं बी सावलीत, पातळ पसरून वाळवायचं. उन्हात वाळवू नये असं सगळे सांगतात, पण थोडं कोवळं ऊन लागलं म्हणून बी वाया जात नाही, कारण कवच आहे. बी ओलं राहणं हे त्याहून वाईट. आठवडाभरात बी हातात घेऊन हलवलं की आत गर खुळखुळतो. मग ते किलतानाच्या पोत्यात भरून हवेशीर जागी ठेवायचं. खताची प्लास्टिकची पिशवी वापरू नका. माझं पहिल्या वर्षीचं बी तसल्याच पिशवीतलं होतं. आत वाफ धरली आणि गर तपकिरी झाला.

वापरण्याआधी दहा बिया फोडून बघा. गर हिरवट, तेलकट असेल तर चांगलं. तपकिरी, काळपट किंवा बुरशीचा वास येणारा असेल तर तो सरळ उकिरड्यावर. दहापैकी तीन-चार खराब निघाले तर ते पोतं फवारणीला घेऊ नये. साधारण तीन महिन्यांपासून आठ-दहा महिन्यांपर्यंतचं बी वापरायला चांगलं. जुलैचं बी ऑक्टोबरात बरोबर या वयात येतं.

५० लिटर अर्क

दहा गुंठे कोबीला मला ५० लिटर पाणी लागतं, म्हणजे १६ लिटरच्या पंपाचे तीन पंप आणि वर थोडं. नेहमीचं प्रमाण ५ टक्के, म्हणजे १०० लिटरला ५ किलो गर. आपल्याला अडीच किलो गर हवा. इथे बहुतेक नवीन माणसं चुकतात. अडीच किलो बी नाही, अडीच किलो गर. वाळलेल्या बीच्या वजनात निम्म्याच्या आसपास कवचच असतं, म्हणून बी पाच ते साडेपाच किलो घ्यावं लागतं. कवचासकट कुटत असाल तरी वजन पाच-साडेपाच किलोच धरायचं. नाहीतर अर्क निम्म्या ताकदीचा होतो आणि दोष निंबोळीला जातो. हंगामात पाच फवारण्या धरल्या तर दहा गुंठ्यांना २५ किलोपेक्षा थोडं जास्त बी साठवून ठेवायला हवं.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी उखळात गर कुटायचा. रव्यासारखा जाडसर राहू द्या. फार बारीक केला की तेल सुटून गोळा होतो आणि पाणी आत जात नाही. मिक्सरमध्ये करायचं तर थांबून थांबून, कारण भांडं तापतं. कुटलेला गर फडक्यात सैल बांधून प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर थंड पाण्यात बुडवायचा. गरम पाणी नको, उकळणं तर नकोच. लवकर अर्क निघावा म्हणून उकळणारे मी पाहिले आहेत, ते द्रव्य चुलीवरच मोडतात. रात्रभर, म्हणजे कमीत कमी १२ तास, बादली झाकून सावलीत ठेवायची.

आता पाणी. आमच्या विहिरीचं पाणी बरं आहे, पण बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. चिक्कोडी, रायबाग, अथणीकडच्या बोअरला तर हे नेहमीचंच. सामू तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात, एक पाकीट घेऊन ठेवा. पट्टी ८ किंवा वर दाखवत असेल तर एका लिटर पाण्यात लिंबाचा रस थोडा थोडा घालत जायचं आणि प्रत्येक वेळी पट्टी बुडवायची. सामू ६ वर आला की किती रस लागला ते बघून ५० नं गुणायचं. प्रत्येक विहिरीचा आकडा वेगळा येतो, त्यामुळे शेजाऱ्याचं प्रमाण उपयोगाचं नाही. लिंबं परवडत नसतील तर सायट्रिक आम्लाची पूड याच पद्धतीनं वापरता येते. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता फडकं बादलीत पिळून काढायचं. चोथ्यावर पुन्हा थोडं पाणी घालून पिळायचं, असं दोन-तीनदा, पाणी पांढुरकं येईनासं होईपर्यंत. सगळं दुहेरी फडक्यातून गाळायचं. गाळण्यात आळस केला तर नोझल तुंबतं आणि अंधार पडेपर्यंत तुम्ही नोझलच साफ करत बसता. मग पाणी घालून ५० लिटर पुरं करायचं.

शेवटी साबण. कोबीच्या पानावर मेण असतं, त्यामुळे नुसता अर्क मोत्यांसारखा घरंगळून खाली जातो. १०० लिटरला २०० ग्रॅम साबणाचा चुरा असं प्रमाण सांगतात, म्हणजे आपल्याला १०० ग्रॅम. पण साबण हा स्वतः खारा असतो. तो आदल्या रात्री गरात घातला तर लिंबाची मेहनत वाया जाते. म्हणून साबण वेगळ्या पाण्यात विरघळवून पंप भरण्याच्या अगदी आधी घालायचा आणि लगेच फवारायला निघायचं. मी आता साबणाऐवजी रिठा वापरतो. १०० ग्रॅम टरफलं रात्रभर भिजवून कुसकरली की भरपूर फेस येतो, आणि रिठ्याचं पाणी साबणासारखं खारं नसतं. एका पानावर फवारून बघा. पाणी थेंबाथेंबानं घरंगळलं तर आणखी थोडं घाला, पान ओल्या कापडासारखं भिजलं तर बरोबर.

तयार अर्क त्याच संध्याकाळी संपवायचा. उरलेला दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. आणि उरलेलं पाणी किंवा पंपाचं धुणं तलावात, ओढ्यात ओतू नका, माशांना ते बाधतं. निंबाचं तेल घरात असेल तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. बाळाला सर्दीवर औषध म्हणून निंबाचं तेल पाजल्यानं मुलं दगावली आहेत.

बी नसेल तर दुकानातलं तयार औषध घेता येतं. बाटलीवर अझाडिरॅक्टिनचं प्रमाण पीपीएममध्ये लिहिलेलं असतं: ३००, १५००, १०,०००. आकडा जितका मोठा तितकं प्रमाण कमी लागतं, म्हणून मात्रा शेजाऱ्याला न विचारता लेबलावरून घ्या. लेबल कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात वाचून घ्या. बनवल्याची तारीख बघा, आणि दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका.

फवारणीची संध्याकाळ

ऊन कलल्यावर, साडेपाचच्या सुमारास सुरुवात करायची. रात्रभर अळी खाते, आणि त्या बारा तासांत ऊन नसतं. सकाळी नऊला फवारलं तर सर्वांत कडक ऊन आधी येतं आणि अळीचा वाटा नंतर. शिवाय संध्याकाळी मधमाश्या पोळ्यात परतलेल्या असतात.

नोझल खालून वर धरायचं. अळी पानाखाली असते हे एक कारण. दुसरं कारण असं की पानाच्या खालच्या बाजूला थेट ऊन पडत नाही, तिथला थर वरच्यापेक्षा जास्त दिवस टिकतो. गाभ्याची कोवळी पानं विसरू नका, बारक्या अळ्या तिथे घुसतात. रात्री पाऊस येण्याचं चिन्ह असेल तर थांबा. परतीच्या पावसाच्या दिवसांत मी दोनदा अर्क तयार करून टाकून दिला आहे. वाईट वाटतं, पण पावसात मारलेला अर्क तसाही मातीत जातो.

आणि दोन ओळी न फवारता ठेवा. त्या ओळींशिवाय तुम्हाला काही कळणार नाही. अळ्या कमी झाल्या तर त्या अर्कानं झाल्या की थंडीनं, हे दुसरं कुठून समजणार?

मोजणी, आणि गेल्या हंगामाचा हिशोब

शेतात पाच ठिकाणी चार-चार अशी २० झाडं बघायची. प्रत्येक झाडाच्या अळ्या मोजून वहीत लिहायच्या, लहान आणि मोठ्या वेगळ्या. मी झाडामागे सरासरी दोनच्या आसपास अळ्या झाल्या की फवारायला निघतो.

गेल्या हंगामात लागणीनंतर तिसऱ्या आठवड्यात २० झाडांवर ३८ अळ्या होत्या, त्यातल्या ३० लहान. न फवारायच्या ओळींतल्या २० झाडांवर ३५. त्या संध्याकाळी पहिली फवारणी केली. दुसऱ्या दिवशी अळ्या जवळजवळ तेवढ्याच होत्या, पण पानांवर नवीन खिडक्या फार थोड्या दिसल्या आणि हिरव्या लेंड्याही कमी. ही पहिली खूण. मेलेल्या अळ्या शोधू नका, नवीन खाल्लेलं शोधा. चौथ्या दिवशी फवारलेल्या भागात १४ अळ्या राहिल्या होत्या. त्यातल्या पाच आखडलेल्या, फिकट, एकीच्या शेपटीला जुनी कातडी लटकलेली. न फवारलेल्या ओळींत ५२ झाल्या होत्या. अण्णांना बोलावून ती कातडी दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पान धरून ठेवलं आणि म्हणाले, "हे मारत नाही रे, हे वाढूच देत नाही की."

सहाव्या दिवशी दुसरी फवारणी केली, कारण हिशोबानं पहिलीचं काही उरलेलं नव्हतं आणि पतंगांनी मधल्या दिवसांत घातलेली अंडी फुटत होती. दहाव्या दिवशी २० झाडांवर नऊ अळ्या. त्यानंतर पाच ते सात दिवसांच्या अंतरानं आणखी तीन फवारण्या झाल्या. अंतर याहून वाढवलं तर मधल्या दिवसांत फुटलेल्या अळ्या उघड्या पानावर मोठ्या होतात, आणि मग निंबोळीचा हात त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशीही नवीन खिडक्या पडत असतील तर या क्रमानं शोधा: गर तपकिरी होता का, वजन गराचं धरलं की बीचं, पाण्याचा सामू किती होता, साबण किती वेळ आधी घातला, पानाची खालची बाजू भिजली होती का. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोन प्रश्नांतच मिळतं. हे सगळं बरोबर असूनही अळ्या वाढत असतील, तर फवारणीला उशीर झालेला असतो. निम्म्याहून जास्त अळ्या मोठ्या असतील तर निंबोळी हे त्या दिवसाचं औषध नाही. रयत संपर्क केंद्रात जाऊन त्या अवस्थेसाठी दुसरं काही विचारा, आणि पुढच्या पिढीच्या लहान अळ्या दिसल्या की निंबोळीकडे परत या.

यंदा मी कोबीसोबत मोहरी लावली आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ही शिफारस आहे: कोबीच्या दर २५ ओळींना मोहरीच्या ओळी, एक कोबीच्या १५ दिवस आधी पेरलेली, दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी, म्हणजे हिरवी मोहरी सतत शेतात राहते. पतंग कोबी सोडून मोहरीवर जास्त अंडी घालतात. त्यासोबत ते निंबोळीच्या गराचा ४ टक्के अर्क सांगतात, म्हणजे ५० लिटरला दोन किलो गर. पहिली मोहरी गुडघ्याला लागली आहे, आणि तिच्या पानांखाली खिडक्या पडायला लागल्या आहेत. अथणीहून आलेलं पोतं कालच फोडलं. दहा बियांपैकी नऊ हिरव्या निघाल्या.